उड्या मारता मारता झुलू लागणारं वजन

एका खिळ्याला मीटरभर दोऱ्याने २०० ग्रॅमचं वजन टांगायचं. शेजारच्या खिळ्याला स्प्रिंग अडकवून तिच्या टोकाला तेवढंच वजन लावायचं. पहिलं थोडं बाजूला ओढून सोडलं की डावीकडून उजवीकडे झुलत राहतं, दुसरं थोडं खाली ओढून सोडलं की वरखाली उड्या मारतं. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून दोघांचीही वीस-वीस दोलनं मोजून घ्यायची. एक दोलन म्हणजे जिथून निघालं तिथे, त्याच दिशेने परत येणं. आता दोन्हीकडे २०० च्या जागी ४०० ग्रॅम लावून पुन्हा मोजायचं. लंबकाला वीस दोलनांना आधीही चाळीस सेकंद लागत होते, आताही तेवढेच लागतात. स्प्रिंगवरचं वजन मात्र मंदावतं. त्याचा वेळ साधारण १.४ पट होतो, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतका.

मोजताना एक पथ्य पाळावं लागतं. वजन सोडताना ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर वीस म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच झालेली असतात, म्हणून सुरुवात ‘शून्य’ने करायची. शिवाय टोकाला वजन क्षणभर थबकतं, ते नेमकं कधी थांबलं हे डोळ्याला कळत नाही. मधल्या जागेतून ते सर्वांत वेगाने जातं, म्हणून तिथे एक खूण करून ती ओलांडताना घड्याळ दाबलं की आकडे चांगले येतात.

दोन्ही दोलनांची गोष्ट मुळात एकच आहे. वस्तू मधल्या जागेवरून ढळली की तिला परत आणणारं एक बल लागतं, आणि मधल्या जागी पोचल्यावर तिला तिथे थांबू न देणारं जडत्व असतं. परत आणणारं बल जितकं जास्त तितकं दोलन जलद; जडत्व जितकं जास्त तितकं ते सावकाश. स्प्रिंगच्या बाबतीत हे बल स्प्रिंगच्या ताठपणातून येतं. वजन बदललं तरी स्प्रिंग तीच, म्हणून बल तेच राहतं आणि जडत्व तेवढं वाढतं. त्यामुळे वेळ वाढतो. लंबकाला परत आणतं ते गुरुत्वाकर्षण. वस्तुमान दुप्पट केलं की जडत्व दुप्पट होतं, पण पृथ्वीची ओढही दुप्पट होते. दोन्ही एकमेकांना छेदून जातात आणि उरते फक्त लांबी. सूत्रांत लिहायचं तर:

लंबक: T = 2π√(L/g)
स्प्रिंग: T = 2π√(m/k)

इथे T हा एका दोलनाला लागणारा वेळ, म्हणजे दोलनकाल. L ही लंबकाची लांबी, पण दोऱ्याची नव्हे, तर खिळ्यापासून वजनाच्या मध्यापर्यंतची. g म्हणजे गुरुत्वत्वरण, m म्हणजे वस्तुमान आणि k म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा, एक मीटर ताणायला किती बल लागेल तो आकडा. पहिल्या सूत्रात वस्तुमान नाही आणि दुसऱ्यात गुरुत्वत्वरण नाही. या दोन गैरहजेरींत भौतिकशास्त्राचा मोठा ऐवज दडलेला आहे.

लंबकाच्या सूत्रात वस्तुमान नसणं न्यूटनला इतकं महत्त्वाचं वाटलं, की त्याने ते खोदून तपासलं. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने हा प्रयोग नोंदवला आहे. दोन सारख्या लाकडी डब्या घेऊन त्या अकरा-अकरा फुटी दोऱ्यांनी टांगल्या. एकीत लाकूड भरलं, दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं, आणि दोघी शेजारी शेजारी झुलवल्या. मग सोन्याच्या जागी चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहूसुद्धा. डब्या सारख्या घेण्यामागे कारण होतं: हवेचा अडथळा दोघींना सारखाच व्हावा. दोघी बराच वेळ बरोबरीने झुलत राहिल्या. पदार्थांत हजारांत एका भागाइतका फरक असता तरी तो या प्रयोगात दिसला असता, असा त्याचा निष्कर्ष आहे. सोनं असो की गहू, ज्या वस्तुमानामुळे वस्तू हलवायला जड जाते, त्याच वस्तुमानाच्या प्रमाणात पृथ्वी तिला ओढते, हे त्याला दाखवायचं होतं.

दुसऱ्या गैरहजेरीचा उपयोग अवकाशात झाला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात वजनकाटा निकामी ठरतो, कारण तिथे काट्यावर काहीच दाबलं जात नाही. लंबकही झुलत नाही, ढकलला की नुसता गोल फिरत राहतो. पण स्प्रिंगवरचं दोलन तिथेही चालतं. १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाशस्थानकात स्प्रिंगवर बसवलेली खुर्ची होती. ती विल्यम थॉर्न्टन यांनी विकसित केली होती. अंतराळवीराने तीत स्वतःला घट्ट आवळून घ्यायचं, खुर्ची हलवून सोडायची आणि यंत्राने दोलनकाल मोजायचा. वस्तुमान दोलनकालाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून वेळ कळला की किलोग्रॅम कळले. महिनोन्महिने अवकाशात राहिलेल्यांचं वजन किती घटलं, हे अशा तऱ्हेने समजलं.

पृथ्वीवर टांगलेल्या स्प्रिंगला गुरुत्वाकर्षण अर्थात जाणवतं. ते तिला ताणून मधली जागा खाली आणतं, पण दोलनाच्या वेळेत ढवळाढवळ करत नाही. तीच स्प्रिंग, तेच वजन चंद्रावर नेलं तर ताण सहापटीने कमी होईल, उड्यांचा वेळ तसाच राहील. शेजारचा लंबक मात्र जवळजवळ अडीचपट सावकाश झुलेल.

या ताणाचा एक सुंदर उपयोग आहे. २०० ग्रॅम लावल्यावर स्प्रिंग १० सेंटीमीटर ताणली गेली असं समजू. मीटरभर ताणायला किती बल लागेल हे त्यावरून निघतं: साधारण १९.६ न्यूटन. तो आकडा सूत्रात घातला की दोलनकाल येतो ०.६३ सेकंद. आता नुसत्या १० सेंटीमीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल काढून पाहा. तोही ०.६३ सेकंदच. हा योगायोग नाही. वजनाने स्प्रिंग जेवढी ताणली जाते, तेवढ्याच लांबीच्या लंबकाइतका तिचा दोलनकाल असतो. म्हणजे स्टॉपवॉच नसलं तरी फूटपट्टीने मोजूनच सांगता येतं की हे वजन किती वेळात उडी पुरी करेल.

आता या उडीच्या आत शिरू. वजन मधल्या जागेपासून ४ सेंटीमीटर खाली ओढलं. खाली आल्यामुळे त्याची गुरुत्वाकर्षणाशी निगडित स्थितिज ऊर्जा ७८.४ मिलिज्यूलनी घटली. पण स्प्रिंगचा ताण १० वरून १४ सेंटीमीटर झाला आणि तिच्यात ९४.१ मिलिज्यूल जास्तीचे साठले. फरक १५.७ मिलिज्यूल. ते आपल्या हाताने दिले. हात सोडला की हेच भांडवल घेऊन वजन निघतं. मधल्या जागी पोचेपर्यंत सगळे १५.७ मिलिज्यूल गतिज ऊर्जेत उतरतात आणि वेग सेकंदाला ४० सेंटीमीटर होतो. तिथून वर ४ सेंटीमीटर गेलं की गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात ७८.४ जमा होतात, स्प्रिंगच्या खात्यातून ६२.७ जातात, आणि फरक पुन्हा १५.७. वेग शून्य. खाती तीन, पण त्यांची बेरीज दर क्षणी तीच.

या देवाणघेवाणीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. अर्ध्या वाटेवर, म्हणजे मधल्या जागेपासून २ सेंटीमीटरवर, ऊर्जा निम्मी-निम्मी वाटलेली नसते. साठलेली ऊर्जा अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणून तिथे ती केवळ पाव असते आणि पाऊण हिस्सा वेगात उतरलेला असतो. टोकाजवळचा थोडासा प्रवास हळू होतो, बाकीचा मोठा टप्पा झपाट्याने. आणि वजन ४ ऐवजी २ सेंटीमीटर ओढून सोडलं तर ऊर्जा चौथाई होते, वेग निम्मा होतो. अंतरही निम्मंच झाल्यामुळे वेळ तोच राहतो. आयाम, म्हणजे मधल्या जागेपासूनची सर्वाधिक झेप, बदलूनही वेळ बदलत नाही तो याचसाठी. लंबकाला हे फक्त लहान कोनापर्यंत लागू पडतं. १० अंशांच्या आसपास फरक हजारांत दोनचा असतो, ३० अंशांना शेकडा पावणेदोनपर्यंत जातो, आणि दोरा पार आडवा करून सोडला तर शेकडा अठरा.

हे सगळं आपापल्या खिळ्याला टांगलेल्या दोन वस्तूंबद्दल झालं. पण स्प्रिंगला टांगलेलं वजन बाजूलाही झुलू शकतं, म्हणजे ते एकाच वेळी स्प्रिंगवरचं वजन आहे आणि लंबकही. एरवी या दोन हालचाली आपापल्या वाटेने जातात. त्यांची एक विशिष्ट जोडी जमली मात्र, की त्या एकमेकींची ऊर्जा उचलू लागतात.

जोडी जमवायला आपली तीच स्प्रिंग घेऊ. ती ताणलेली नसताना १२ सेंटीमीटर लांब आहे, वजनाने २२ झाली. तिच्या टोकाला सरळ वजन न लावता मध्ये दोरा घालायचा, इतका की खिळ्यापासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर ४० सेंटीमीटर भरेल. हे ४० कुठून आले? ताण १० सेंटीमीटर, त्याची चौपट. लंबकाची लांबी चौपट केली की दोलनकाल दुप्पट होतो, म्हणून ४० सेंटीमीटरच्या लंबकाचा दोलनकाल १.२७ सेकंद, उडीच्या बरोबर दुप्पट. एका झुलण्यात दोन उड्या.

आता वजन सरळ खाली ४ सेंटीमीटर ओढून अलगद सोडायचं. सुरुवातीला ते नुसत्या उड्या मारतं. सोडताना हाताकडून एखाद-दोन मिलिमीटरचा कल राहूनच जातो, तेवढा इथे पुरतो. दहा-बारा सेकंदांत, पंधरा-वीस उड्यांनंतर, उडी मरगळू लागते आणि वजन बाजूला झुलू लागतं. झुलणं वाढतं, उडी जवळजवळ थांबते. या घटकेला ते मधल्या जागेपासून सुमारे ८ सेंटीमीटर दूर जात असतं. हिशेब करून पाहावा: ४० सेंटीमीटरच्या लंबकाने ८ सेंटीमीटर बाजूला जायचं तर त्याला साधारण ८ मिलिमीटर वर चढावं लागतं, आणि २०० ग्रॅम ८ मिलिमीटर उचलायला लागतात १५.७ मिलिज्यूल. आपण उडीला दिलेली ऊर्जा जवळजवळ सगळी झुलण्यात आली. थोड्या वेळाने झुलणं मंदावतं, उडी परत येते, आणि हा क्रम हवा व स्प्रिंगमधलं घर्षण ऊर्जा खाऊन टाकेपर्यंत चालू राहतो.

उडी झुलण्याला ऊर्जा कशी पोचवते हे नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहून झोका चढवणाऱ्या प्रत्येकीला अंगाने ठाऊक असतं. टोकाला गुडघे वाकवायचे, तळातून जाताना उभं राहायचं. तळाशी वेग जास्त असतो, म्हणून दोर जास्त ओढत असतो. त्या ओढीविरुद्ध अंग उचलायला जास्त काम करावं लागतं, टोकाशी खाली बसताना मात्र त्याहून कमी परत मिळतं. शिल्लक राहिलेलं काम झोक्यात जातं. झोका एका फेरीत दोनदा तळातून जातो, म्हणून उठबसही दोनदा. आपल्या वजनासाठी ही उठबस स्प्रिंग करते, आणि तिचा वेग झुलण्याच्या दुप्पट असल्यामुळे ताल चुकत नाही.

उलटी वाट तितकीच बघण्यासारखी आहे. झुलणाऱ्या वजनाचा दोऱ्यावरचा ताण एकसारखा नसतो. ८ सेंटीमीटर झुलताना टोकाला स्प्रिंगला २०० ग्रॅमऐवजी जणू १९६ ग्रॅमच टांगलेले असतात आणि तळाला २०८. ही वाढघट एका फेरीत दोनदा होते, म्हणजे स्प्रिंगच्या स्वतःच्या उडीच्याच तालावर. इवलासा धक्का, पण दरवेळी नेमक्या घटकेला. त्यातून उडी पुन्हा उभी राहते.

घरी करताना हा प्रयोग बहुतेकदा फसतो तो स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे. स्प्रिंगची वरची वेटोळी जवळपास स्थिर असतात, खालची वजनाबरोबर पूर्ण हलतात, आणि ऊर्जेचा हिशेब केला तर तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग टांगलेल्या वजनात मिळवावा लागतो. ३० ग्रॅमची स्प्रिंग असेल तर २०० ऐवजी २१० ग्रॅम धरायचे. फरक हाताने जाणवत नाही, घड्याळात दिसतो: वीस उड्यांना १२.७ सेकंदांऐवजी १३ लागतात. मग चौपटीचा नियम थोडा ढळतो आणि दोरा ४० ऐवजी ४२ सेंटीमीटरपर्यंत न्यावा लागतो. म्हणून फूटपट्टीवर थांबू नये. आधी वीस उड्यांचा वेळ घ्यावा, मग वजन हलकंच झुलवून वीस झोक्यांचा, आणि दुसरा पहिल्याच्या दुप्पट येईपर्यंत दोरा कमीजास्त करावा. जाड, जड स्प्रिंगला हलकं वजन लावलं की हा सगळा हिशेब कोलमडतो. वजन स्प्रिंगच्या निदान पाच-सहापट असावं.

जुळणी किती काटेकोर हवी हे उडीवर ठरतं. ४ सेंटीमीटरच्या उडीला लांबीतली दोन-तीन सेंटीमीटरची चूक चालून जाते. उडी एकच सेंटीमीटरची असेल तर तेवढ्या चुकीने देवाणघेवाण खुंटते, आणि जुळणी अचूक असली तरी झुलणं सुरू व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण ऊर्जा पोचवणारी उठबसच लहान असते. उलट, आपल्या बाबतीत उडी १० सेंटीमीटरच्या पुढे नेली तर वर जाताना स्प्रिंग पूर्ण सैल होते, दोरा ढिला पडतो आणि पुढचं सगळं वेडंवाकडं होतं. दोरा वर सैलावून झटका देताना दिसला, की झेप जास्त झाली असं समजावं. दोरा ६० सेंटीमीटर केला तर मात्र वजन शेवटपर्यंत उड्याच मारत राहतं, झुलायचं नाव घेत नाही.

या प्रकाराचा पहिला नीट अभ्यास १९३३ मध्ये सोव्हिएत रशियात अलेक्सांद्र विट आणि गाब्रिएल गोरेलिक यांनी केला. विट पुढे स्टालिनच्या दडपशाहीत पकडला गेला आणि १९३८ मध्ये कैदेतच वारला. आंद्रोनोव्ह आणि खाइकिन यांच्यासोबत त्याने लिहिलेला दोलनांवरचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला, पण त्यावर त्याचं नाव छापलं गेलं नाही. ते आलं १९५९ च्या आवृत्तीत.

विट आणि गोरेलिक यांना स्प्रिंगमध्ये रस होता तो एका रेणूमुळे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत मध्ये कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजनचे अणू असतात. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर जाऊन आत येतात, ही त्याची एक हालचाल. सरळ रेघेतला रेणू मध्ये वाकतो आणि सरळ होतो, ही दुसरी. पहिलीचा ताल दुसरीच्या जवळजवळ दुप्पट पडतो. रेणूवरून विखुरलेला प्रकाश तपासला तर पहिल्या हालचालीची एक ठळक रेषा दिसायला हवी होती. वर्णपटाच्या नेहमीच्या मोजणीत वाकण्याचा आकडा ६६७, त्याची दुप्पट १३३४, म्हणून अपेक्षा त्याच्या आसपासची. प्रत्यक्षात तिथे एकही रेषा नाही, आणि दोन बाजूंना दोन आहेत: एक १२८५ वर, दुसरी १३८८ वर. १९३१ मध्ये एन्रिको फर्मी यांनी उलगडा केला, की ताण आणि वाकणं यांचे ताल जुळल्यामुळे त्या दोन हालचाली रेणूत वेगळ्या उरतच नाहीत. दोन्ही रेषांत थोडं ताणणं आहे आणि थोडं वाकणंही.